जुन्या व्हिडिओंची नवी नावं

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर गॉर्डन नावाचं एक प्रचंड धरण आहे. 2015 साली तिथे काही तरुणांनी भिंतीवरून एक बास्केटबॉल सोडला. सव्वाशे मीटरहून खोल दरीत तो जवळपास सरळ खाली गेला. मग दुसरा चेंडू सोडताना त्यांनी त्याला हातानं थोडी उलटी फिरकी दिली. हा चेंडू सुरुवातीला सरळ पडला आणि वेग येताच भिंतीपासून लांब, पुढे झेपावत गेला. फिरणारा चेंडू भोवतालची हवा एका बाजूला ढकलतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत वळतो, त्यामागेही हेच कारण असतं. भौतिकशास्त्रात याला मॅग्नस परिणाम म्हणतात.

विज्ञानाचे व्हिडिओ करणाऱ्या ‘व्हेरिटेशियम’ या यूट्यूब चॅनेलनं हे दृश्य वापरून एक व्हिडिओ केला. त्याच्या आधीच्या शीर्षकात मॅग्नस परिणामाचं नाव होतं. विषयाच्या दृष्टीनं ते अचूक होतं, पण हा शब्द ज्याला ठाऊक नाही, त्याला त्यातून काहीच कळत नव्हतं. पुढे शीर्षक बदलून ते `Backspin Basketball Flies Off Dam` असं झालं, म्हणजे उलटी फिरकी दिलेला बास्केटबॉल धरणावरून उडत जातो. आत व्हिडिओ तोच राहिला. चेंडू तोच, धरण तेच, शास्त्रीय स्पष्टीकरणही तेच.

या चॅनेलचे निर्माते डेरेक म्युलर यांनी ऑगस्ट 2021 मध्ये याच विषयावर एक स्वतंत्र व्हिडिओ केला आणि आपण शीर्षकं व थंबनेल का बदलतो, हे प्रेक्षकांना मोकळेपणानं सांगितलं. म्हणायला तो व्हिडिओ असला, तरी एका परीनं ते सबस्क्रायबरना लिहिलेलं पत्रच होतं. आज मराठीतही दहा-बारा वर्षं जुनी चॅनेलं आहेत. कुणाच्या खात्यावर पाककृती आहेत, कुणाच्या शेतीचे सल्ले, कुणाची किल्ल्यांची भटकंती, कुणाचे दहावीचे धडे. त्यांतली अनेक आता जुनी शीर्षकं बदलायला घेतात आणि नेहमीचा प्रेक्षक बुचकळ्यात पडतो. आपण पाहिलेला व्हिडिओ काढून टाकला का? हा नवा आहे की जुनाच? आपण जपून ठेवलेली लिंक चालेल का? या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारं पत्र लिहायचं, तर आधी शीर्षक बदलल्यावर नेमकं काय होतं, ते समजून घ्यायला हवं.

पत्ता अकरा खुणांचा

यूट्यूबवर व्हिडिओ चढवला की त्याला अकरा खुणांची एक ओळख मिळते. इंग्रजी मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, एक आडवी रेघ आणि एक खालची रेघ, एवढ्यातून ती बनते. यूट्यूबवरचा सगळ्यात पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 रोजी चढवला गेला. संस्थापकांपैकी एक असलेले जावेद करीम त्यात सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे आहेत. 19 सेकंदांच्या त्या व्हिडिओची ओळख `jNQXAC9IVRw` अशी आहे आणि आजही तो तिथेच सापडतो.

लिंक या ओळखीवर चालते, शीर्षकाचा तिच्याशी काही संबंध नसतो. दारावरची पाटी बदलली म्हणून घर क्रमांक बदलत नाही, तसंच हे आहे. शीर्षक कितीदाही बदललं तरी कुणी वहीत उतरवून ठेवलेली लिंक, नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवलेली लिंक, शाळेच्या फलकावर चिकटवलेला क्यूआर कोड, हे सगळं पूर्वीसारखंच चालतं. प्लेलिस्टमधली जागाही हलत नाही, कारण प्लेलिस्टही आतून ही अकरा खुणांची ओळखच धरून ठेवते.

याचं सर्वांत टोकाचं आणि मजेदार उदाहरण ब्रिटिश सादरकर्ते टॉम स्कॉट यांनी 2020 मध्ये करून दाखवलं. त्यांच्या एका व्हिडिओचं शीर्षकच ‘हा व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला गेला आहे’ या अर्थाचं आहे आणि त्यातला आकडा आपोआप बदलत राहावा अशी सोय त्यांनी केली. त्यांनी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम ठरावीक वेळानं यूट्यूबला व्ह्यूजचा आकडा विचारायचा आणि तो शीर्षकात भरायचा. त्या व्हिडिओचं नाव आजवर असंख्य वेळा बदललं, पत्ता मात्र पहिल्या दिवसापासून एकच आहे:

```
youtube.com/watch?v=BxV14h0kFs0
```

शीर्षक बदलल्यानं व्ह्यूज शून्यावर येत नाहीत. लाइक, प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया आणि प्रसिद्धीची तारीखही तशीच राहते. सबस्क्रायबरला ‘नवा व्हिडिओ आला’ अशी सूचना पुन्हा जात नाही, कारण नवा व्हिडिओ आलेलाच नसतो.

व्हिडिओच्या आतलं काही बदललं आहे का, हेही प्रेक्षकाला बऱ्याच अंशी तपासता येतं. एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरी फाइल ठेवण्याची सोय यूट्यूब सर्वसाधारण चॅनेलांना देत नाही. नव्यानं चित्रीकरण केलं तर तो स्वतंत्र व्हिडिओ म्हणून चढवावा लागतो. त्याला वेगळी ओळख मिळते, तारीख नवी पडते आणि व्ह्यूज शून्यापासून सुरू होतात. चढवलेल्या व्हिडिओतला एखादा तुकडा कापता येतो, चेहरा धूसर करता येतो, आवाज काढता येतो. पण कापलं तर लांबी कमी झालेली दिसते. म्हणून ज्याला शंका असेल त्यानं तीन गोष्टी पाहाव्यात: लिंकमधल्या अकरा खुणा, तारीख आणि लांबी. तिन्ही पूर्वीसारख्या असतील, तर पाटीच तेवढी बदलली आहे असं मानायला हरकत नाही.

त्रेचाळीस खुणा वाया

मग एवढी उठाठेव कशासाठी करायची? उत्तरासाठी एक नमुना घेऊ. समजा, पाककृतींचं एक मराठी चॅनेल आहे आणि त्यावर आठ वर्षांपूर्वी चढवलेल्या एका व्हिडिओचं शीर्षक असं आहे:

‘आजीच्या हातची चव | मराठी रेसिपी | भाग 37 | पुरणपोळी’

त्या काळी असं शीर्षक देणं अगदी स्वाभाविक होतं. मालिकेचं नाव आधी, मग भाग, मग विषय, अशी दूरदर्शनच्या कार्यक्रमांपासूनची सवय होती. शिवाय प्रेक्षक चॅनेलवर येऊन भाग क्रमानं पाहतील, असं गृहीत धरलं जायचं. आता पाहण्याची रीतच वेगळी आहे. बहुतेक व्हिडिओ मोबाइलच्या अरुंद पडद्यावर, इतर दहा व्हिडिओंच्या रांगेत, एका छोट्या चित्राखाली समोर येतात. शीर्षक लांब असेल तर शेवटचे शब्द गळतात आणि तिथे तीन टिंबं दिसतात.

यूट्यूब शीर्षकाला जास्तीत जास्त 100 खुणा देतं. त्यात देवनागरीची एक अडचण अशी, की संगणक मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त या सगळ्यांची वेगवेगळी मोजणी करतो. ‘पुरणपोळी’ डोळ्याला पाच अक्षरं दिसतात, पण साठवताना त्याच्या आठ खुणा होतात. ‘ज्वारी’ दोन अक्षरांची, पण सहा खुणांची. त्यामुळे 100 ची मर्यादा मराठी शीर्षकाला इंग्रजीपेक्षा लवकर गाठते.

वरच्या शीर्षकाच्या खुणा मोजल्या तर एकूण 51 भरतात. मर्यादेच्या दृष्टीनं त्यात काही चूक नाही. पण ‘पुरणपोळी’ हा शब्द येईपर्यंत, मोकळ्या जागा आणि उभ्या रेघा धरून, 43 खुणा खर्च झालेल्या असतात. प्रेक्षक ज्यासाठी थांबेल तो शब्द सगळ्यात शेवटी आहे आणि अरुंद यादीत पहिल्यांदा कापला जाणार तोही तोच. त्यात या मालिकेचे साठ भाग असले, तर साठही शीर्षकांची सुरुवात हुबेहूब सारखी. एकाखाली एक लावले की कुठला व्हिडिओ कशाचा, ते कळतच नाही.

आता व्हिडिओत काय आहे ते पाहू. समजा, बारा मिनिटांपैकी सहा मिनिटं पुरण किती आटवायचं यावर आहेत. उलथनं पुरणात उभं राहिलं की ते झालं, ही खूण त्यात नीट दाखवली आहे. सैल पुरण लाटताना कडेनं बाहेर येतं आणि पोळी फुटते, हेही समोर करून दाखवलं आहे. या व्हिडिओचं खरं मोल तिथे आहे आणि शीर्षकात त्याचा उल्लेखही नाही. तेव्हा नवं शीर्षक असं देता येईल:

‘पुरणपोळी फुटू नये म्हणून पुरण किती आटवायचं | आजीच्या हातची चव 37’

पदार्थ सुरुवातीला आला, प्रश्न पुढे आला आणि मालिका शेवटी गेली. मालिकेचं नाव आणि भागाचा आकडा काढून टाकलेला नाही, कारण जुन्या प्रेक्षकाच्या लक्षात तेवढंच असू शकतं. शेवटचे शब्द कापले गेले तरी कामाचं वाक्य पूर्ण दिसतं.

दुसरं कारण काळाच्या ओघात येतं. सातबारा उतारा काढण्याची पद्धत, एखाद्या योजनेचा अर्ज, परीक्षेचा अभ्यासक्रम यांवरचे व्हिडिओ जुने होतात. प्रक्रिया बदललेली असली, तर शीर्षकात साल आणि ‘जुनी पद्धत’ असं स्पष्ट लिहिणं हा प्रेक्षकाशी प्रामाणिकपणा आहे. याउलट आतली माहिती जुनीच ठेवून शीर्षकात फक्त चालू वर्ष टाकणं ही फसवणूक आहे. अशा व्हिडिओवर विसंबून एखादा शेतकरी तलाठी कार्यालयात हेलपाटे घालतो.

गावांची नावं बदलतात तेव्हाही हा प्रश्न येतो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव हे बदल 2023 मध्ये झाले, अहमदनगरचं अहिल्यानगर 2024 मध्ये झालं. भटकंतीच्या चॅनेलवर ‘औरंगाबाद ते वेरूळ’ अशी शीर्षकं वर्षानुवर्षं आहेत. आता काही प्रेक्षक नव्या नावानं शोधतात, काही जुन्या. अशा वेळी शीर्षकात अधिकृत नाव आणि वर्णनात दोन्ही नावं ठेवली, की कुणाचाच शोध रिकामा जात नाही. व्हिडिओत बोलताना मात्र जुनंच नाव ऐकू येणार. ते तसंच राहू द्यावं आणि चित्रीकरणाचं वर्ष वर्णनात लिहावं.

क्लिक वाढले, पण पाहणं?

शीर्षक बदलण्यामागे अधिक लोकांनी पाहावं हा हेतू असतोच आणि तो पत्रात लपवण्यासारखा नाही. यूट्यूब चॅनेलचालकाला एक आकडा दाखवतं: शंभर जणांच्या पडद्यावर चित्र व शीर्षक आलं, तर त्यातल्या किती जणांनी ते उघडलं. यूट्यूबच्याच मार्गदर्शनानुसार निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा हा आकडा दोन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असतो. शीर्षक बदललं म्हणून यूट्यूब व्हिडिओला आपणहून वर ढकलत नाही. नव्या शीर्षकाला लोक जसा प्रतिसाद देतात, त्यानुसार व्हिडिओ पुढे अधिक किंवा कमी जणांना दाखवला जातो.

या एकाच आकड्याकडे पाहून निर्णय घेतला तर गफलत होते. वरच्या पुरणपोळीचंच उदाहरण घेऊ. समजा, जुन्या शीर्षकासह व्हिडिओ दहा हजार पडद्यांवर आला, त्यातल्या 300 जणांनी उघडला आणि सरासरी तीन मिनिटं पाहिला. एकूण 900 मिनिटं झाली. आता कुणाच्या सल्ल्यानं शीर्षक केलं, ‘पुरणपोळीचं हे गुपित कुणीच सांगत नाही’. तेवढ्याच पडद्यांवर 500 जणांनी उघडला. पण गुपित ऐकायला आलेल्यांना पुरण आटवण्याची साधी रीत दिसली आणि ते सरासरी दीड मिनिटात निघून गेले. एकूण 750 मिनिटं. उघडणारे दोनशेनं वाढले आणि पाहण्याचा वेळ घटला. शिवाय निराश होऊन गेलेला माणूस त्या चॅनेलचा पुढचा व्हिडिओ उघडताना विचार करणार.

म्हणून शीर्षक बदलल्यावर दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात: उघडण्याचं प्रमाण आणि सरासरी पाहण्याचा वेळ. पहिला वाढला आणि दुसरा टिकला, तर नव्या शीर्षकानं योग्य माणसापर्यंत व्हिडिओ नेला. पहिला वाढून दुसरा कोसळला, तर शीर्षक व्हिडिओत नसलेलं काही कबूल करतं आहे. मात्र यातही घाई चालत नाही. व्हिडिओ अचानक अनोळखी प्रेक्षकांना दाखवला जाऊ लागला, तर उघडण्याचं प्रमाण थोडं खाली येणं साहजिक असतं, कारण त्यांना चॅनेल ओळखीचं नसतं. आणि श्रावणात किंवा होळीच्या आठवड्यात पुरणपोळीचे आकडे वाढले, तर त्याचं श्रेय शीर्षकाला देता येत नाही. तुलना करायची तर सण वगळून, सारख्या काळाची करावी.

बढाईखोर शीर्षकांना आता नियमांचाही धाक आहे. शीर्षक किंवा थंबनेल जे सांगतं ते व्हिडिओत नसेल, तर अशा व्हिडिओंवर, विशेषतः ताज्या घडामोडींच्या बाबतीत, भारतात अधिक कडक कारवाई करण्याचं यूट्यूबनं डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केलं. व्हिडिओत राजीनाम्याची बातमीच नसताना शीर्षकात ‘राजीनामा दिला’ असं लिहिणं या वर्गात मोडतं.

जुनं नाव कुठे जातं?

पत्त्याला धक्का लागत नाही हे खरं, पण शीर्षक बदलण्याची एक किंमत असते आणि ती नेहमीचा प्रेक्षक मोजतो. यूट्यूब प्रेक्षकाला व्हिडिओची आधीची नावं दाखवत नाही. नवं शीर्षक जतन केलं की जुनं पडद्यावरून नाहीसं होतं. ज्यांनी लिंक ठेवली त्यांचं काही अडत नाही. ज्यांनी नाव लक्षात ठेवलं, त्यांचं अडतं. ‘ते आजीच्या हातची चव सदतिसावा भाग लाव’ असं म्हणणाऱ्या सासूबाईंना लिंक देऊन उपयोग नाही. विद्यार्थ्यानं प्रकल्पाच्या वहीत संदर्भ म्हणून फक्त शीर्षक लिहिलं असेल, तर तपासणाऱ्या शिक्षकांना तो व्हिडिओ सापडणार नाही.

काही ठिकाणी जुनं नाव तसंच उरतं आणि त्यामुळे आणखी गोंधळ होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्वी पाठवलेल्या लिंकखाली दिसणारं शीर्षक पाठवतानाच तयार झालेलं असतं, त्यामुळे तिथे जुनंच नाव दिसत राहतं. दाबल्यावर उघडतो तो व्हिडिओ नव्या नावाचा. पाहणाऱ्याला वाटतं, चुकीचा उघडला. थंबनेलच्या चित्रावर कोरलेला मजकूर शीर्षकासोबत बदलत नाही. ज्या चॅनेलांनी इंग्रजी किंवा हिंदी प्रेक्षकांसाठी त्या-त्या भाषेतलं शीर्षक वेगळं भरलेलं असतं, तिथे मराठी शीर्षक बदललं तरी भाषांतरित शीर्षक जुनंच राहतं, ते हातानं बदलावं लागतं. एकाच घरात एकाच्या मोबाइलवर नवं नाव आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर जुनं इंग्रजी नाव दिसतं, ते यामुळे.

शेकडो शीर्षकं एकदम बदलताना आणखी एक अपघात संभवतो. ही कामं काही जण यूट्यूबच्या स्टुडिओत हातानं करतात, काही जण प्रोग्राम लिहून. प्रोग्रामनं शीर्षक पाठवताना वर्णन आणि टॅग सोबत पाठवले नाहीत, तर यूट्यूब ते रिकामे करायचे आहेत असं समजतं आणि पूर्वीचा मजकूर पुसला जातो. पाककृतीच्या चॅनेलला हे फार महागात पडतं, कारण साहित्याचं प्रमाण अनेकदा वर्णनातच लिहिलेलं असतं. नव्या शीर्षकाच्या व्हिडिओखाली ‘दोन वाट्या हरभरा डाळ, दीड वाटी गूळ’ हा मजकूर गायब दिसला, तर काय घडलं ते लगेच ओळखता येतं. म्हणून जाणकार चॅनेलचालक आधी सगळ्या व्हिडिओंची यादी उतरवून घेतात: ओळख, जुनं शीर्षक, पूर्ण वर्णन, टॅग. मग दोन-तीन व्हिडिओंवर बदल करून पाहतात आणि वर्णन शाबूत आहे याची खात्री झाल्यावरच पुढे जातात.

जुन्या नावाची सोय लावायला वर्णनाची जागा उत्तम आहे. तिथे पाच हजार खुणांपर्यंत मजकूर बसतो, पण देवनागरीत लिहिताना ही जागाही दिसते त्याहून लवकर भरते. त्यात ‘आधीचं शीर्षक’ म्हणून जुनं नाव जसंच्या तसं लिहिलं, की जुन्या नावानं शोधणाऱ्यालाही तो व्हिडिओ सापडण्याची शक्यता बरीच वाढते आणि उघडल्यावर खात्री पटते. पुरणपोळीच्या व्हिडिओखाली ती ओळ अशी दिसेल:

‘आधीचं शीर्षक: आजीच्या हातची चव | मराठी रेसिपी | भाग 37 | पुरणपोळी.’

पत्रात काय असावं

एवढं केल्यावर पत्र लिहिणं सोपं जातं, कारण सांगण्यासारखं ठोस काही हातात असतं. त्यात ‘तुमच्या सोयीसाठी काही सुधारणा केल्या आहेत’ असं मोघम वाक्य नको. किती व्हिडिओंची नावं बदलली, कोणत्या कारणानं, काय तसंच आहे आणि जुनं नाव कुठे मिळेल, हे चार मुद्दे पुरतात. आपल्या नमुन्यातल्या चॅनेलचं पत्र साधारण असं होईल:

‘नमस्कार. “आजीच्या हातची चव” या मालिकेतल्या साठपैकी अठ्ठावन्न व्हिडिओंची शीर्षकं आम्ही बदलली आहेत. जुन्या शीर्षकांत पदार्थाचं नाव शेवटी यायचं आणि मोबाइलवर ते दिसतच नसे. आता पदार्थ आधी आणि मालिकेचं नाव व भाग शेवटी लिहिला आहे. यामुळे नव्या लोकांनाही हे व्हिडिओ सापडावेत, अशी आमची इच्छा आहे.

‘एकाही व्हिडिओत काटछाट किंवा भर केलेली नाही. एकही व्हिडिओ काढलेला नाही. तुम्ही जपलेल्या लिंक, तुमच्या प्लेलिस्ट आणि तुम्ही लिहिलेल्या प्रतिक्रिया जागच्या जागी आहेत. भागांचे क्रमांक बदललेले नाहीत. प्रत्येक व्हिडिओच्या वर्णनात पहिल्या ओळीत जुनं शीर्षक दिलं आहे आणि साहित्याचं प्रमाण पूर्वीसारखंच त्याखाली आहे.

‘भाग 12 आणि भाग 29 यांची नावं आम्ही बदललेली नाहीत, कारण ते व्हिडिओ लोक त्याच नावानं शोधतात. एखाद्या नव्या शीर्षकात सांगितलेली गोष्ट व्हिडिओत नाही असं तुम्हाला वाटलं, तर भागाचा क्रमांक कळवा. आम्ही तो पुन्हा पाहू.’

या पत्रातलं शेवटचं परिच्छेदाचं काम वरच्या दोघांइतकंच महत्त्वाचं आहे. सगळीच जुनी शीर्षकं बदलायची नसतात. एखादं कीर्तन, एखादं व्याख्यान, एखादी बालगीतांची चित्रफीत लोकांच्या तोंडी त्याच नावानं बसलेली असते आणि आकडेही ते सांगतात. चॅनेलच्या आकडेवारीत कोणते शब्द टाइप करून प्रेक्षक व्हिडिओपर्यंत आले, ते दिसतं. तिथे जुन्या शीर्षकातलेच शब्द वरच्या क्रमांकावर असतील, तर ते शीर्षक चांगलं काम करतं आहे आणि त्याला हात लावू नये. वर्षानुवर्षं कुणीच शोधत न आलेले आणि ज्यांच्या शीर्षकावरून आतला विषय कळत नाही, असे व्हिडिओ आधी घ्यावेत.

भागांच्या क्रमांकांना धक्का न लावण्याचं वचनही पोकळ नाही. शिकवणीच्या चॅनेलवर तिसऱ्या धड्यात शिक्षक ‘हे आपण दुसऱ्या भागात पाहिलं’ असं म्हणतात. ते बोलणं व्हिडिओत कायमचं आहे. शीर्षकातून ‘भाग 2’ काढला किंवा नव्यानं क्रम लावला, तर त्या वाक्याचा पाठपुरावा विद्यार्थ्याला करता येत नाही. म्हणून शीर्षक बदलण्याआधी व्हिडिओ एकदा ऐकून त्यात दुसऱ्या कुठल्या भागाचा उल्लेख आहे का, ते टिपून ठेवावं लागतं. साठ भागांच्या मालिकेत सर्वाधिक वेळ या ऐकण्यातच जातो.

बदल फसला तर तो मागे घेता येतो, हेही प्रेक्षकांना सांगायला हरकत नाही. जुन्या शीर्षकांची यादी हाताशी असेल, तर एका व्हिडिओचं नाव पूर्ववत करायला काही मिनिटं पुरतात. त्यासाठी पत्रातच एक मुदत लिहिलेली बरी. महिना-दोन महिने नवी नावं ठेवून उघडण्याचं प्रमाण आणि पाहण्याचा वेळ तपासू, प्रेक्षकांनी कळवलेले भाग पुन्हा पाहू आणि ज्यांचं जुनं नावच योग्य ठरेल त्यांना ते परत देऊ, असं लिहिलं की सबस्क्रायबरला आपलं म्हणणं कधी आणि कशासाठी कळवायचं, ते ठाऊक होतं.